उतरेल वयात आल्यावर

आषाढातल्या शेवटच्या रविवारी आमच्या खर्डीच्या घरी गावठी कोंबडा कापला जातो, आणि तो साफ करायचं काम पन्नास वर्षं माझ्या थोरल्या वहिनींकडे आहे. यंदा मी त्यांच्या शेजारी पाट घेऊन बसलो होतो. वहिनींनी पोट फाडून आतडी, पित्ताशय, काळीज बाजूला काढलं, आणि मग पाठीच्या कण्याला आतून चिकटलेल्या, फिकट पिवळट, मोठ्या वालाच्या दाण्यासारख्या दोन गोळ्या बोटाने सोडवून घेतल्या. शहरातून आलेल्या माझ्या नातीने विचारलं, "हे काय?" वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "कोंबड्याचे आंड. याचे आतच असतात."

मी नातीला दाखवलं, की या दोन गोळ्या बरोबर मूत्रपिंडांच्या पुढे आहेत. आणि मास्तराची खोड जात नाही म्हणून पुढे बोलून गेलो, की माणसाच्या मुलाचेही आईच्या पोटात असताना आधी इथेच असतात, नंतर खाली येतात. वहिनींचा हात थांबला. थोड्या वेळाने, नात आत गेल्यावर, त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "भावोजी, आपल्या बाळ्याचा एक आलेलाच नाही. मी आंघोळ घालते ना, मला माहीत आहे. पण सगळे म्हणतात, उतरेल वयात आल्यावर."

बाळ्या म्हणजे त्यांचा नातू, माझ्या पुतण्याचा मुलगा. वय चार वर्षं. मी पस्तीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवलं आहे. वृषण पोटातून खाली कसा येतो हा धडा मी दर वर्षी फळ्यावर रंगीत खडूंनी काढत आलो. आणि माझ्या स्वतःच्या घरात चार वर्षं ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. सांगितली असती तरी मी पूर्वी काय उत्तर दिलं असतं, हे मला ठाऊक आहे, कारण ते उत्तर मी एकदा दिलेलं आहे. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी हे "उतरेल वयात आल्यावर" आलं कुठून, ते पाहू. ते नुसतं बायकाबापड्यांचं बोलणं नव्हे. ते एके काळी डॉक्टरांच्या पुस्तकातलं वाक्य होतं.

*

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांना एक कोडं पडलेलं होतं. काही तान्ह्या मुलांना जन्मतःच अंतर्गळ, म्हणजे हर्निया असतो, आणि त्यात आतडं थेट वृषणाला टेकलेलं सापडतं. मोठ्या माणसाच्या हर्नियात आतडं आपल्या स्वतंत्र पिशवीत असतं, वृषण वेगळ्या आवरणात असतो. मग या बाळांमध्ये दोघं एकाच पिशवीत कसे? आल्ब्रेख्त फॉन हालर या स्विस शास्त्रज्ञाने गर्भांची शवविच्छेदनं करून दाखवलं, की गर्भात वृषण पोटातच असतो. लंडनमध्ये विल्यम हंटरने हे वाचलं आणि आपल्या धाकट्या भावाला, जॉनला, स्वतः पाहायला सांगितलं. जॉन हंटर औपचारिक शिक्षणात फारसा रमलेला नव्हता, पण हातात सुरी असली की त्याच्याइतकं नीट पाहणारा दुसरा नव्हता. त्याची निरीक्षणं १७६२ साली विल्यमच्या पुस्तकात छापली गेली.

जॉनने वेगवेगळ्या महिन्यांचे गर्भ घेतले आणि प्रत्येकात वृषण कुठे आहे ते नोंदलं. लहान गर्भात तो मूत्रपिंडाच्या खाली, पोटाच्या मागच्या भिंतीला. सातव्या महिन्याच्या आसपास जांघेजवळ. नवव्या महिन्यात पिशवीत. प्रत्येक वेळी वृषणाच्या खालच्या टोकापासून जांघेतून पिशवीच्या दिशेने जाणारा एक जाडसर, मऊ, निमुळता दोर त्याला दिसला. या दोराला त्याने लॅटिन नाव दिलं: गुबर्नॅक्युलम. म्हणजे सुकाणू. हा दोर वृषणाला वाट दाखवतो, असं त्याचं म्हणणं. त्याने असंही पाहिलं, की वृषण येण्याच्या आधीच पोटाच्या आतल्या अस्तराची एक बोटभर पिशवी या दोरासोबत खाली उतरते, वृषण तिच्या मागच्या भिंतीला धरून येतो, आणि मग तिचं तोंड बंद होतं. ते बंद झालं नाही की पोटातलं आतडं तिच्यातून घसरतं. हर्नियाचं कोडं सुटलं.

कोंबड्याच्या पोटातल्या त्या दोन गोळ्यांची जागा आपल्याही शरीरात कायमची लिहिलेली राहते. वृषणाला रक्त पुरवणारी धमनी जांघेतल्या जवळच्या मोठ्या नळीतून निघत नाही. ती मूत्रपिंडांच्या पातळीवर महाधमनीतून निघते आणि सगळं पोट उतरून खाली येते. वृषण स्थलांतरित आहे, पण त्याचं रेशनकार्ड मूळ गावचं आहे. मुतखड्याची कळ वृषणात उतरते ती या जुन्या नात्यामुळे. वृषणाचा कर्करोग पसरतो तोही आधी जांघेतल्या गाठींत न पसरता पोटाच्या मागच्या, मूत्रपिंडांजवळच्या गाठींत पसरतो.

हंटरने आणखी एक प्रश्न विचारून ठेवला. काही जणांत वृषण खाली येतच नाही आणि तो बहुतेक वेळा लहान, कमकुवत असतो. हा वर राहिला म्हणून बिघडला, की मुळातच बिघडलेला होता म्हणून वर राहिला? हंटरचा कल दुसऱ्या उत्तराकडे होता. दोष वृषणातच असावा, असं त्याला वाटे. या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढची दोनशे वर्षं मुलांवर उपचार करायचे की नाही हे ठरत गेलं. मुळातच बिघडलेला असेल तर घाई कशाला? आणि वर राहिल्यामुळे बिघडत असेल, तर दर महिना मोलाचा.

*

वृषण खाली का येतो हे समजायला आधी तो वृषण कसा होतो हे पाहावं लागतं. गर्भ पाचेक आठवड्यांचा असताना मूत्रपिंडांच्या जागेशेजारी पेशींचा एक उंचवटा तयार होतो, दोन्ही बाजूंना एकेक. पुढे ज्यांच्यापासून बीज किंवा शुक्राणू व्हायचे त्या मूळ पेशी तिथे जन्मत नाहीत. त्या लांबून, गर्भाच्या आतड्याच्या कडेकडेने चालत येऊन त्या उंचवट्यात मुक्काम करतात. सहा आठवड्यांपर्यंत हा उंचवटा मुलाचा की मुलीचा, हे सूक्ष्मदर्शकाखालीही सांगता येत नाही. त्याच्याजवळ नळ्यांच्या दोन जोड्या असतात. एकीतून पुढे शुक्राणूवाहिन्या होऊ शकतात, दुसरीतून गर्भाशय आणि गर्भनलिका. दोन्ही जोड्या प्रत्येक गर्भात असतात.

मग निवड कोण करतं? याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये आल्फ्रेड जोस्त या तरुण शास्त्रज्ञाने सशांवर शोधलं. सशाचं गर्भारपण महिन्याभराचं. एकोणिसाव्या दिवसाच्या आसपास त्याने गर्भाशयातल्याच नर पिल्लाच्या पोटातून वृषण काढून टाकला आणि पिल्लू पुन्हा शिवून वाढू दिलं. अंगठ्याएवढ्या जिवावर ही शस्त्रक्रिया. जन्माच्या वेळी त्या नर पिल्लांत गर्भाशय आणि गर्भनलिका तयार झालेल्या होत्या. वृषण नसेल तर शरीर मादीच्या वाटेने जातं. नंतर जोस्तने वृषणाच्या जागी टेस्टोस्टेरॉनचा स्फटिक ठेवला. शुक्राणूवाहिन्या टिकल्या, पण गर्भाशय काही गेलं नाही. याचा अर्थ वृषण दोन वेगळे निरोप पाठवतो. टेस्टोस्टेरॉन नराच्या नळ्या राखतो, आणि दुसरा कुठला तरी पदार्थ मादीच्या नळ्या विरघळवतो. १९४७ साली जोस्तने हे छापलं. तो दुसरा पदार्थ पुढे सापडला. त्याला आज एएमएच म्हणतात. उंचवट्याला वृषण व्हायला सांगणारं वाय गुणसूत्रावरचं जनुक मात्र १९९० साली लंडनमध्ये सापडलं. त्याचं नाव SRY.

जोस्तचा प्रयोग निसर्ग कधीकधी माणसात करतो. २०१९ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या एका रुग्णाची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. २९ वर्षांचा विवाहित पुरुष, मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेला. त्याचे दोन्ही वृषण खाली उतरलेले नव्हते, आणि पोटात गर्भाशय होतं. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढलं आणि वृषण पिशवीत आणले. बातम्यांचे मथळे अपेक्षेप्रमाणे सनसनाटी होते. पण शरीररचनेच्या मास्तराला त्यात जोस्तचा ससा दिसतो. अशा माणसांत टेस्टोस्टेरॉनचा निरोप पोचलेला असतो, म्हणून दाढी, मिशा, बाकी सगळं पुरुषाचं. एएमएचचा निरोप एक तर निघालेला नसतो, नाही तर पोचलेला नसतो. म्हणून गर्भाशय राहिलेलं. आणि त्या गर्भाशयाच्या बाजूंना अडकलेले वृषण खाली येऊ शकत नाहीत. घडण आणि उतरण या दोन गोष्टी एकाच धाग्याच्या आहेत, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

*

आता उतरणीकडे. "खाली येतो" हा शब्दच थोडा फसवा आहे. कसाऱ्याकडून येणारी लोकल कल्याणला उभी असते, शेजारची गाडी सुटते, आणि आपल्याला वाटतं आपणच निघालो. वृषणाच्या पहिल्या टप्प्यात असंच होतं. आठव्या ते पंधराव्या आठवड्यात हंटरचा सुकाणू फुगतो, जाड आणि आखूड होतो, आणि वृषणाला जांघेच्या जवळ नांगरून ठेवतो. तेवढ्यात गर्भाचं धड वरच्या दिशेने लांबत जातं, मूत्रपिंडं वर सरकतात. वृषण जागेवर राहतो, गाव वर जातं. मुलीमध्ये हा दोर फुगत नाही, लांब आणि बारीक राहतो, म्हणून अंडाशय धडाबरोबर वर राहतो. दोर फुगवणारा निरोपही वृषणच पाठवतो. १९९९ साली दोन वेगळ्या प्रयोगशाळांनी उंदरांतलं त्याचं जनुक, INSL3, काढून टाकलं, तेव्हा त्या नर उंदरांचे वृषण पोटात वरच, मूत्रपिंडांच्या आसपास सुटे राहिले. कोंबड्यासारखे.

दुसरा टप्पा मात्र खरा प्रवास आहे. साधारण पंचविसाव्या ते पस्तिसाव्या आठवड्यात तोच दोर पोटाच्या भिंतीबाहेर पडतो आणि जांघेतून पिशवीच्या तळापर्यंत सरकत जातो. त्याच्या पोटात अस्तराची ती बोटभर पिशवी पोकळी करत जाते, आणि त्या पोकळीतून वृषण जांघेच्या बोगद्यातून बाहेर येतो. या टप्प्याला टेस्टोस्टेरॉन लागतो. म्हणजे हंटरचं सुकाणू हे नाव पहिल्या टप्प्यासाठी चुकलेलं आहे, तिथे तो नांगर आहे. दुसऱ्या टप्प्यात मात्र ते बऱ्यापैकी शोभतं.

पहिला टप्पा सहसा चुकत नाही. चुकतो तो दुसरा, कारण त्यात वाट लांब आहे. म्हणून दहातल्या आठ मुलांत न उतरलेला वृषण पोटात नसतो, जांघेत कुठेतरी थांबलेला हाताला लागतो. तो बोगद्यात असेल, बोगद्याच्या तोंडाशी असेल, किंवा बाहेर येऊन रुळावरून घसरून कातडीखाली बाजूला गेलेला असेल. दहात दोन मुलांत तो हाताला लागतच नाही. तेव्हा तो पोटात असतो, किंवा आत अगदी रोडावलेला असतो, किंवा नसतोच. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांमध्ये दोन ते चार जणांत जन्मतः असं असतं. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत बरंच जास्त, कारण दुसरा टप्पा संपण्याआधीच ती बाहेर आलेली असतात. पहिल्या काही महिन्यांत यातल्या बऱ्याच मुलांचे वृषण आपोआप उतरतात, कारण जन्मानंतर लगेच मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनची एक लाट येते. ती सहा महिन्यांच्या सुमारास ओसरते. तिच्या पुढे वाट पाहून सहसा काही हाती लागत नाही. बहुतेक मुलांत नेमका दोष कुठला होता हे मात्र आजही सापडत नाही. INSL3च्या जनुकातला बिघाड माणसांत विरळाच.

*

मग "वयात आल्यावर उतरेल" हे आलं कुठून? काही मुलांत ते खरंच दिसत होतं म्हणून. मांडीच्या आतल्या बाजूला बोट लावलं, थंडी वाजली, मूल घाबरलं, की वृषणाला वर ओढणारा एक पातळ स्नायू आवळतो आणि वृषण जांघेत जातो. चार ते आठ वर्षांच्या मुलांत हा स्नायू फार तत्पर असतो. अशा मुलाची पिशवी डॉक्टरच्या थंड हाताला रिकामी लागते. पुढे वयात येताना वृषण मोठा होतो, स्नायूची ओढ पुरत नाही, आणि तो कायमचा खाली राहतो. हा वृषण न उतरलेला नव्हताच. तो उतरलेला होता आणि ये-जा करत होता. पण जुन्या डॉक्टरांनी दोन्ही प्रकारची मुलं एकाच रकान्यात घातली. त्यातली ये-जा करणारी मुलं वयात येऊन "बरी" झाली, आणि वाट पाहण्याचा सल्ला खरा ठरला असं सगळ्यांना वाटलं. आजीबाईंनी गावात तेच पाहिलं, सर्जनांनी दवाखान्यात तेच पाहिलं.

शस्त्रक्रिया काही नवी नाही. एडिंबरोच्या थॉमस ॲनंडेलने १८७७ साली एका लहान मुलाचा वाट चुकलेला वृषण पिशवीत बसवला होता. लिस्टरच्या जंतुनाशक पद्धतीमुळे ते शक्य झालं. पण नंतर कित्येक दशकं ती मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की करायची, असा रिवाज राहिला. मनात हंटरचा संशय होताच. बिघडलेली वस्तू आज बसवली काय आणि दहा वर्षांनी बसवली काय.

हा संशय पहिल्यांदा हलला तो १९२०च्या दशकात. शिकागो विद्यापीठात कार्ल मूरने गिनीपिगांचे चांगले वृषण पिशवीतून काढून पोटात ठेवले. काही आठवड्यांत शुक्राणू बनवणाऱ्या नळ्या ओस पडल्या. फार उशीर न करता वृषण परत खाली आणला, तर त्या पुन्हा भरत. मेंढ्याची पिशवी उबदार कापडात गुंडाळली, तरी तेच झालं. पिशवीत तापमान पोटापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असतं आणि माणसाच्या शुक्राणूंना तेच लागतं. कोंबड्याचं अंग एकेचाळीस अंशांना तापलेलं असून त्याचं छान चालतं, हत्तीचे वृषणही जन्मभर पोटातच असतात. त्यामुळे काही प्राण्यांतच वृषण बाहेर का आले यावर अजून एकमत नाही. पण ज्यांचे बाहेर आले त्यांना आतली ऊब सोसत नाही, एवढं पक्कं झालं.

मूरच्या प्रयोगात आणखी एक बारकावा होता. पोटातल्या वृषणात शुक्राणूंच्या नळ्या मरत, पण टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी टिकून राहत. माणसातही तसंच. मुलाला मिसरूड फुटतं, आवाज फुटतो, अंगात जोर येतो. बाहेरून काहीच कमी दिसत नाही. म्हणून घरच्यांना वाटतं, झालं ठीक.

*

इथे मला माझी गोष्ट सांगायला हवी. १९८१ साली मी नुकताच डॉक्टर झालेला होतो. सुट्टीत खर्डीला आलो की गावातली माणसं ओट्यावर येऊन काही ना काही विचारत. शेजारच्या पाड्यावरचा एक माणूस सात वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मुलाच्या दोन्ही बाजूंच्या गोट्या हाताला लागत नव्हत्या. मी त्याला उभं करून, ओट्यावर, पावसाळी गारव्यात तपासलं. आणि आत्मविश्वासाने सांगितलं, की थांबा, वयात येताना उतरतील. नाही उतरल्या तर मग बघू.

तो मुलगा पंचविशीत, लग्नानंतर पुन्हा माझ्याकडे आला. धिप्पाड, दाढीवाला, भाताच्या गोण्या एकट्याने उचलणारा. मूल होत नव्हतं. तपासणीत शुक्राणू नव्हते. दोन्ही वृषण जांघेत, आक्रसलेले. एका बाजूचा राहिला तर बहुतेक पुरुषांना मूल होण्यात अडचण येत नाही, दुसरा काम भागवतो. दोन्ही बाजूंचे राहिले तर गोष्ट वेगळी. त्याने मला कधी दोष दिला नाही. त्याच्या वडिलांना तर मी काय सांगितलं होतं हे आठवतही नव्हतं. मला आठवत होतं.

मी तेव्हा लवकर पाठवलं असतं तरी सातव्या वर्षी कितपत वाचलं असतं, हे सांगता येत नाही. कारण पुढच्या अभ्यासांनी वेळेचं गणित फार मागे नेलं. पहिल्या वर्षातच, त्या टेस्टोस्टेरॉनच्या लाटेबरोबर, वृषणातल्या मूळ पेशींचं रूप बदलायला हवं असतं. उबेत राहिलेल्या वृषणात ते नीट बदलत नाही, आणि एक-दोन वर्षांनंतर पेशींची संख्या घटू लागते. स्टॉकहोममध्ये काही मुलांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी करून अर्ध्यांवर नवव्या महिन्यात आणि अर्ध्यांवर तिसऱ्या वर्षी शस्त्रक्रिया केली. २००७ साली निष्कर्ष आले. लवकर बसवलेला वृषण वाढीत दुसऱ्याला गाठू लागला होता, उशिरा बसवलेला नाही. त्याच वर्षी स्वीडनमधल्याच सुमारे सतरा हजार पुरुषांच्या नोंदी तपासून दुसरी गोष्ट कळली. न उतरलेल्या वृषणात कर्करोगाचा धोका वाढतो, पण शस्त्रक्रिया १३ वर्षांच्या आत झाली तर तो सर्वसामान्यांच्या सुमारे दुप्पट राहतो, नंतर झाली तर पाचपटीहून जास्त.

हंटरच्या प्रश्नाचं उत्तर असं अर्धं-अर्धं निघालं. काही वृषण मुळातच कमी घडलेले असतात, हे खरं, म्हणून लवकर शस्त्रक्रिया करूनही धोका पूर्ण जात नाही. पण वर राहिल्यामुळे बिघाड वाढत जातो, हेही खरं. आणि आपल्या हातात फक्त दुसरी गोष्ट आहे. म्हणून आज सांगतात: सहा महिन्यांचा झाला आणि वृषण खाली नसेल, तर लहान मुलांच्या सर्जनला दाखवा, आणि दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया होऊ द्या. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे महिने त्याच्या जन्माच्या ठरलेल्या तारखेपासून मोजायचे. पूर्वी देत असत ती संप्रेरकांची इंजेक्शनं आता सहसा देत नाहीत, कारण त्यांनी उतरलेले पुष्कळ वृषण मुळात ये-जा करणारेच होते.

*

आषाढातल्या त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी बाळ्याला बोलावलं. त्याच्या आईने दोन कागद आणून दिले. एकावर सोनोग्राफीचा अहवाल होता, की उजव्या बाजूच्या पिशवीत वृषण दिसत नाही. हे तर आजीच्या हाताने चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. सोनोग्राफी इथे फारशी मदत करत नाही. जांघेतला सापडला तर तो हातालाही सापडतो, आणि पोटातला बहुतेक वेळा तिला सापडत नाही.

या वेळी मी घाई केली नाही. हात कोमट पाण्यात धुतले. बाळ्याला खाटेवर मांडी घालून बसवलं, कारण मांडी घातली की वर ओढणारा स्नायू सैल पडतो. उकिडवं बसवलं तरी चालतं. त्याच्याशी तानसाच्या पाण्याबद्दल बोलत बोलत डाव्या हाताची बोटं कमरेच्या हाडापासून जांघेतून खाली सरकवत आणली आणि उजव्या हाताने पिशवीच्या वरच्या तोंडाशी वाट धरली. डावी बाजू भरलेली, मऊ, नीट. उजव्या बाजूला बोटांखाली जांघेत लहान शेंगदाण्याएवढं काहीतरी निसटलं. पुन्हा धरलं. हलकेच खाली आणलं. पिशवीच्या तोंडापर्यंत आलं, सोडताच परत गेलं. ये-जा करणारा असता तर पिशवीच्या तळाशी आला असता, आणि सोडल्यावर थोडा वेळ तरी तिथेच राहिला असता. उजवी पिशवीही डावीपेक्षा बारीक, सुरकुत्या नसलेली, कधी वापरात न आलेल्या खोलीसारखी.

मी पुतण्याला सांगितलं, की हा हाताला लागतो, म्हणजे गोष्ट सोपी आहे. जांघेत लहान छेद, तोच हंटरचा दोर सोडवायचा, अस्तराची उघडी राहिलेली पिशवी वेगळी करून बांधायची, म्हणजे हर्नियाचा धोकाही गेला. मग धमनी ताणली न जाईल इतका वृषण मोकळा करून कातडीखालच्या कप्प्यात बसवायचा. मूल बहुधा त्याच दिवशी घरी येतं. चार वर्षं उशीर झाला आहे, पण दुसरा चांगला आहे, आणि तेरा वर्षं व्हायला पुष्कळ अवकाश आहे. वयात आल्यावर त्याने स्वतः महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंना हात लावून पाहायची सवय ठेवली पाहिजे. वर राहिलेला वृषण खाली आणण्याचा मोठा फायदा हाच, की पुढे गाठ आलीच तर ती हाताला लागते.

"मग अंगणवाडीत तपासतात ते?" वहिनींनी विचारलं. त्यांचं खरं होतं. मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच ठाणे जिल्ह्यात, तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या पालघरमध्ये सुरू झाला. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. पण त्या कार्यक्रमाच्या मूळ यादीत जन्मतःच्या दोषांमध्ये फाटलेला ओठ आहे, वाकडा पाय आहे, हृदयाचा दोष आहे. न उतरलेला वृषण नाही. आणि चड्डी काढून बघितल्याशिवाय तो दिसत नाही. रांगेतल्या चाळीस मुलांमध्ये ते कोण करणार?

ते रोज आंघोळ घालणारी बाईच करू शकते. पाटावर पाय लांब करून त्यावर बाळ पालथं-उताणं घेणारी, तेल लावणारी, कोमट पाण्यात हात असणारी. बाळ सैल, ऊबदार, निवांत. मी वर्गात मुलांना शिकवायचो ती तपासणीची आदर्श स्थिती ती हीच. वहिनींच्या हाताला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. त्यांना फक्त एवढं सांगायला कुणी नव्हतं, की सहाव्या महिन्यानंतर थांबायचं नाही. सांगणारा घरातलाच होता, आणि बाळंतपणाच्या गोष्टी दिरापुढे कशा काढायच्या, म्हणून त्या गप्प बसल्या.

भाद्रपदात बाळ्याची शस्त्रक्रिया झाली. मी भेटायला गेलो तेव्हा तो अंगणात कोंबड्यामागे पळत होता आणि त्याची आई त्याला पळू नको म्हणून ओरडत होती. वहिनींनी मला चहा दिला, आणि मग पदर सावरत विचारलं, "भावोजी, पलीकडच्या आळीतल्या सुनेला मुलगा झालाय, दोन महिन्यांचा. तिला काय सांगू?"

"सांगा, आणखी चार महिने वाट पाहा," मी म्हणालो, "आणि मग नाही."